दरोड्याच्या मालिकेतली टोळी लक्षात कशी ठेवायची? (आईसाठी विचारतेय)

मृण्मयी_ठाणे

आई बहात्तर वर्षांची आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरीच असते, म्हणून मी तिला ‘मनी हाइस्ट’ लावून दिली, हिंदीत डब केलेली. वाटलं होतं दोन एपिसोडात कंटाळेल. आता पहिल्या भागाच्या आठव्या एपिसोडवर आहे आणि दुपारची झोपसुद्धा सोडलीय.

अडचण एकच. तिला माणसं ओळखू येत नाहीत. टोळीतले आठ जण माद्रिदच्या नोटांच्या कारखान्यात आत, योजना आखणारा प्रोफेसर बाहेर. सगळ्यांचे कपडे लाल, मुखवटा एकच, आणि नावं शहरांची. दर पाच मिनिटांनी विचारते, “हा कोण गं? मॉस्को की ओस्लो?” मी सांगितलं की प्रत्येकाचं काम वेगळं आहे, ते लक्षात ठेव. म्हणून एक तक्ताही करून दिला: हा हॅकर, ही नोटा छापणारी, हा भुयार खणणारा. तक्ता फ्रिजवर लावलाय. काही उपयोग नाही. आई म्हणते, “अगं पण हॅकर काम करताना दिसतोय कुठे? तो तर त्या बॉबकटवालीच्या मागे मागे फिरतोय.”

तुम्ही असल्या मालिका बघताना माणसं कशी लक्षात ठेवता? कामावरून की आणखी कशावरून?

कृपया पहिल्या भागाच्या पुढचं काही फोडू नका. आईला प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

चिवडामित्र

काकूंना साष्टांग नमस्कार. मी तिन्ही वेळा बघून मॉस्को आणि डेन्व्हर यांच्यात बाप कोण ते विसरलो होतो.

सर्जेराव

सोपं आहे. टोकियो टोळीची प्रमुख, कारण गोष्ट तीच सांगते. बर्लिन तिच्या हाताखाली. डेन्व्हर स्फोटकांचा तज्ज्ञ. हेलसिंकी आणि ओस्लो सख्खे भाऊ. रिओ कॉम्प्युटर. नैरोबी नोटा. मॉस्को खोदकाम. एवढं पाठ केलं की झालं.

शमा

सर्जेराव, अर्धं बरोबर, अर्धं तुमच्या मनाचं.

टोकियो निवेदक आहे, प्रमुख नाही. आतला प्रमुख बर्लिन, त्याला प्रोफेसरनेच नेमलंय आणि तेच टोकियोला खुपतं. हेलसिंकी-ओस्लो चुलतभाऊ आहेत, सर्बियाचे, आधी लढाईत काम केलेले. आणि डेन्व्हर स्फोटकांचा तज्ज्ञ हे कुठून आणलंत? डेन्व्हर कशाचाच तज्ज्ञ नाही. तो मॉस्कोचा मुलगा आहे म्हणून टोळीत आहे. त्याची ओळख म्हणजे त्याचं ते विचित्र, घशात अडकलेलं हसणं. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं.

सर्जेराव

भाऊ काय आणि चुलतभाऊ काय, आमच्याकडे दोन्ही एकच. पण स्फोटकांचं मागे घेतो. बहुतेक दुसऱ्या कुठल्या तरी मालिकेतलं डोक्यात होतं.

दिलीप_सोलापूर

माझ्या मते दरोडेखोर ओळखण्याचे उपाय पोलीस खात्याने वेळोवेळी सांगितलेले आहेत. अनोळखी माणूस सोसायटीत आला तर आधी ओळखपत्र मागावे. आमच्या इमारतीत मागील वर्षी दोघे जण पाण्याची टाकी तपासायला आलो म्हणून आले आणि वरच्या मजल्यावरून सायकल घेऊन गेले. एक जण बोलण्यात गुंतवणारा, दुसरा उचलणारा. म्हणजे कामाची वाटणी तिथेही होतीच. सीसीटीव्हीत दोघांच्या टोप्या सारख्या, त्यामुळे कोण कोणता ते अजून कळलेले नाही.

चिवडामित्र

दिलीपकाका, विषय चुकलात पण उत्तर सगळ्यात मुद्द्याचं तुमचंच आहे. सारख्या टोप्या!

कात्री

मी मराठी मालिकांचं संकलन करतो, रोज एपिसोड कापायचं काम. त्यामुळे दहा-बारा पात्रांची पलटण प्रेक्षकाच्या डोक्यात कशी बसवायची, हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. थोडं लांबण लावतो.

मृण्मयी, तुमचा तक्ता चालला नाही कारण ही मालिका स्वतःच त्या तक्त्यावर चालत नाही. सुरुवातीला टोकियो एकेकाची ओळख करून देते ते पुन्हा बघा. मॉस्कोची ओळख कामावरून आहे: आधी खाणीत खणलं, मग कळलं की खालून वर खणत दुकानांत शिरलं तर जास्त पैसे मिळतात. नैरोबी कोवळ्या वयापासून नोटा बनवतेय. रिओ लहानपणापासून कॉम्प्युटरवर बसलाय. इथपर्यंत तक्ता ठीक. पण डेन्व्हरची ओळख काय? मारामाऱ्या. हेलसिंकी आणि ओस्लोची? कितीही हुशार योजना असली तरी शिपाई लागतातच, ते हे. बर्लिनवर जुन्या चोऱ्या आहेत हे सांगतात, पण त्याचं आतलं काम म्हणजे हुकूम सोडणं. टोकियोचं काम तर शेवटपर्यंत धड सांगता येत नाही. म्हणजे आठांतले तीनच ‘तज्ज्ञ’. बाकीचे स्वभावावर उभे आहेत.

मग लेखकांनी काय केलं? जोड्या लावल्या. मॉस्को-डेन्व्हर बापलेक. टोकियो-रिओ प्रेमात. हेलसिंकी-ओस्लो चुलतभाऊ. उरले बर्लिन आणि नैरोबी, दोघेही मोठ्या आवाजाचे, पडदा भरून टाकणारे, त्यांना जोडीची गरज नाही. आता मोजा: आठ डोकी नाहीत, तीन जोड्या आणि दोन एकटे. पाच गोष्टी लक्षात ठेवायच्या. पाच कुणाच्याही लक्षात राहतात.

आईंना सांगा, “हा कोण” विचारण्याआधी “हा कुणाचा” ते बघा. तुमच्या आईने रिओला ‘बॉबकटवालीच्या मागे फिरणारा’ म्हटलं ना, तेव्हाच त्यांनी बरोबर ओळखलंय. त्यांचा तक्ता तुमच्यापेक्षा चांगला आहे.

मृण्मयी_ठाणे

कात्री, हे वाचून दाखवलं. आई म्हणाली, “मग? मी लग्नघरात तशीच ओळखते सगळ्यांना. हा अमुकचा जावई, ती तमुकची नणंद. कुणाची नोकरी काय ते कोण लक्षात ठेवतं?”

फ्रिजवरचा तक्ता काढला. मागच्या बाजूला आता दुधाचा हिशोब आहे.

शमा

कात्री, जोड्यांचं पटलं, पण कामाला एवढं खाली ढकलू नका. काम हे चेहरा ओळखायला नाही, जागा ओळखायला उपयोगी पडतं. इमारत मोठी, कपडे सारखे. तरी मला कायम कळतं मी कुठे आहे, कारण मशीन धडधडतंय म्हणजे नैरोबीची हद्द. धूळ आणि ठिणग्या म्हणजे मॉस्को. संचालकाची खुर्ची आणि मोठं टेबल म्हणजे बर्लिन. ओलिसांची रांग म्हणजे हेलसिंकी किंवा डेन्व्हर पहाऱ्यावर. चारही जागांचा उजेड आणि आवाज वेगळा आहे. आईंना विचारा, “हा कुठे उभा आहे?”

म्हणजे काम आणि नातं, दोन्ही लागतं.

कात्री

जागेचं मान्य. आमच्याकडेही स्वयंपाकघर कुणाचं आणि झोपाळा कुणाचा हे ठरलेलं असतं. पण बघा, गंमत कधी होते? माणूस आपल्या जागेवरून हलतो तेव्हा. मॉस्को खणायचं सोडून गच्चीवर जातो, तिथेच घोटाळा सुरू होतो. गच्चीच्या प्रसंगाबद्दल मला लिहायचंच होतं, रात्री निवांत लिहितो.

नाशिकरोडकर

नैरोबीवरून आठवलं. वडील इथल्या करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झाले. आमच्या नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे ‘नोटांचा कारखाना’ म्हटलं की आम्हाला भोंगा, पास आणि गेटवरची झडती आठवते. (रच्याकने, मराठीत या मालिकेचं वर्णन करताना सगळे ‘टांकसाळ’ म्हणतात. टांकसाळीत नाणी पडतात, नोटा प्रेसमध्ये छापल्या जातात. माद्रिदच्या त्या सरकारी कारखान्यात दोन्हीचा कारभार आहे, म्हणून तिथे चालून जावं.)

वडिलांना मी पहिले चार एपिसोड दाखवले. नैरोबी ओलिसांना मशीनवर उभं करून काम करवून घेते, त्यावर त्यांचा आक्षेप नव्हता. उलट म्हणाले, हे बरोबर आहे, कामगार तेच, मशीन तेच, फक्त मुकादम बदलला. बाहेरून आलेल्या कुणीही एकट्याने नोट छापली असं दाखवलं असतं तर ते हसले असते. कारण एका माणसाला पूर्ण नोट येतच नाही. मागचे रंग छापणारा वेगळा, हाताला उंच लागणारी शाई छापणारा वेगळा, नंबर टाकणारा वेगळा, तपासणारे वेगळे, कापणारे वेगळे. त्या उंच शाईला वाळायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर वरच्या तावाला लागते. नैरोबी घाई करते तेव्हा वडील म्हणायचे, “डाग पडणार बघ.”

मला यातून तिची भूमिका जास्त कळली. ती कारागीर म्हणून आत गेली असेल, पण दिसते ती पाळी सांभाळणारी म्हणून. कुणाला ओरडायचं, कुणाचं कौतुक करायचं, कुणाला चहा द्यायचा. तिला ओळखायला शाई बघू नका, आवाज ऐका.

सर्जेराव

किती छापायच्या होत्या त्यांना? 2,400 दशलक्ष युरो ना?

नाशिकरोडकर

हो, ठरवलेलं तेवढंच. सगळ्या पन्नासच्या धरल्या तर 4 कोटी 80 लाख नोटा होतात. अकरा दिवस लपून राहायचं आणि तेवढ्या वेळात छापायच्या. म्हणून तर प्रोफेसरला वेळ चोरायचा असतो, पैसे नाही. पुढचं बोलत नाही, काकू वाचतायत.

अनघा_माद्रिद

नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं इथे आहे. दोन गोष्टी सांगते.

मालिकेत बाहेरून जी इमारत दिसते ती नोटांचा खरा कारखाना नाहीच. ती सेर्रानो रस्त्यावरची वैज्ञानिक संशोधन परिषदेची इमारत आहे. खरा कारखाना खोर्खे खुआन रस्त्यावर आहे, त्याचं संग्रहालयही आहे. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सेर्रानोला फोटो काढायचा असतो.

दुसरी गोष्ट धाग्याच्या प्रश्नाची. काकू हिंदीत बघतायत, तिथे ओळखीची एक मोठी खूण गळून पडलीय: बोली. मूळ स्पॅनिशमध्ये हेलसिंकी तोंड उघडतो तेव्हाच कळतं की हा बाहेरचा. त्याचं स्पॅनिश मोडकं, जड. तो नट खरोखरच सर्बियाचा आहे. ओस्लो जवळजवळ बोलतच नाही. बर्लिन पुस्तकी, सजवून बोलतो, शिवी देतानासुद्धा वाक्य पूर्ण करतो. डेन्व्हर गल्लीतल्या पोरासारखा. मुखवटा घालून आठही जण अंधारात उभे केले तरी एकेका वाक्यात कळतील. पुढे एक अर्जेंटिनाचा माणूस येतो (एवढं सांगायला हरकत नसावी), तो ‘तू’साठी वेगळाच शब्द वापरतो. पुण्याच्या घोळक्यात कुणी वऱ्हाडीत “कायले जाऊन राह्यला बे” म्हणावं, तितकं ते कानाला लगेच लागतं.

हिंदी डबमध्ये सगळे एकाच शुद्ध हिंदीत बोलतात. मी दिवाळीला घरी आले होते तेव्हा एक एपिसोड तसा पाहिला आणि मलाच हेलसिंकी-ओस्लोमध्ये गोंधळ झाला. दोघेही धिप्पाड, दोघांनाही दाढी.

काकूंना एकदा मूळ आवाज लावून द्या. अर्थ नका समजून घेऊ, नुसते आवाज ऐका म्हणावं. दहा मिनिटं पुरेत.

चिवडामित्र

म्हणजे मराठी डब केलं तर मॉस्को मालवणी, डेन्व्हरही मालवणी कारण लेक, बर्लिन सदाशिव पेठ, हेलसिंकी-ओस्लो कन्नड हेल काढून बोलणारे, आणि नैरोबी कोल्हापुरी. “काय ओ, पळवा की मशीन, झोपलायसा व्हय?”

नाशिकरोडकर

हहपुवा. हे मी वडिलांना ऐकवलं. ते म्हणाले आमचे एक सुपरवायझर अगदी असेच होते.

सर्जेराव

आणि टोळीची नावं? मॉस्कोऐवजी मनमाड, ओस्लोऐवजी उरण?

शमा

प्लीज शहरांच्या विनोदांवर जाऊ नका. तीन पानं फक्त पुणेकर दुपारी एक ते चार दरोडा बंद ठेवणार यावरच जातील.

चिवडामित्र

शमाने विनोद करायला बंदी घालताना विनोद करून घेतला, याची नोंद व्हावी.

दिलीप_सोलापूर

मला आता विषय समजला. माफी असावी. कन्येने दोन एपिसोड दाखवले. एक शंका आहे. टोळीतल्यांनी स्वतःचे कपडे सारखे ठेवले हे ठीक, ओळख लपते. पण ओलिसांना पण तेच लाल कपडे आणि तोच मुखवटा का? त्यांची ओळख लपवून टोळीला काय फायदा? शिवाय आपलेच लोक आपल्याला ओळखू येणार नाहीत, ही तर गैरसोय.

कात्री

काका, हाच प्रश्न हवा होता. रात्री लिहितो म्हणालो होतो ते आता लिहितो. काकूंनी हा भाग पाहिलेला आहे, त्यामुळे फोडाफोड नाही.

बाहेर पोलीस, त्यांच्याकडे दुर्बिणीच्या बंदुका. आत 67 ओलीस आणि आठ दरोडेखोर. वेगळे दिसले असते तर खिडकीत आलेला पहिला दरोडेखोर गोळी खाऊन पडला असता. सगळे सारखे आणि ओलिसांच्या हातात खोट्या बंदुका, म्हणजे पोलिसाला चाप ओढण्याआधी थांबावंच लागतं. गैरसोय आहे खरी, पण ती पोलिसांची जास्त आहे.

आता गच्ची. मॉस्कोचा धीर सुटलाय, त्याला मोकळ्या हवेत यायचंय. त्याला एकट्याला बाहेर सोडता येत नाही, म्हणून काही ओलिसांनाही गच्चीवर नेतात. सगळे लाल, सगळे मुखवट्यात. कारखान्याचा संचालक आर्तुरो तिथे आहे, तोही ओलीस, हातात खोटी बंदूक. त्याला डेन्व्हरला जाब विचारायचाय, म्हणून तो अंगावर जातो. समोरच्या इमारतीतल्या नेमबाजाला काय दिसतं? मुखवटा घातलेला एक हत्यारबंद माणूस, दुसऱ्यावर चालून जाणारा. त्याची समजूत होते की हाच दरोडेखोर. गोळी सुटते आणि ज्याला सोडवायला पोलीस आलेत त्याच्याच खांद्यात घुसते.

आता पुढचा परिणाम बघा. आर्तुरोवर शस्त्रक्रिया करायला डॉक्टरांना आत घ्यावं लागतं. डॉक्टरांबरोबर वेष बदलून एक पोलीस अधिकारी आत शिरतो. आणि प्रोफेसर त्याच्या चष्म्यात ऐकायचं यंत्र बसवून परत पाठवतो. म्हणजे एक चुकीची ओळख, आणि पोलिसांचा अख्खा तंबू टोळीला ऐकू यायला लागतो.

माझा मुद्दा असा की काकूंना माणसं ओळखू येत नाहीत हा त्यांचा दोष नाही. ओळखू न येणं हेच या दरोड्याचं हत्यार आहे. फक्त दिग्दर्शकाला दुहेरी कसरत करावी लागते: पोलिसांना ओळखू येता कामा नये, प्रेक्षकाला आलं पाहिजे. म्हणून नीट बघा, टोळीतले लोक आपापसात बोलताना मुखवटा जवळजवळ कधीच घालत नाहीत. कॅमेऱ्यासमोर, खिडकीसमोर, पोलिसांसमोर घालतात. मुखवटा चेहऱ्यावर चढला की समजा, आता बाहेरून कुणीतरी बघतंय.

दिलीप_सोलापूर

आता नीट कळले. धन्यवाद. सायकलवाल्यांनीही हेच केले असावे असे वाटते. संशय आमच्या वॉचमनवर गेला होता.

शमा

कात्री, गच्चीचं विश्लेषण झकास. पण यातून तुमचा ‘जोड्या’वाला मुद्दा पुढे टिकतो का? पुढच्या दरोड्यात नवे लोक येतात तेव्हा मला तरी बराच वेळ कोण कोण ते कळलं नाही. (काकू, डोळे मिटा. नावं सांगतेय, घटना नाही.) पालेर्मो, बोगोटा, मार्सेय. तिघेही एकदम.

कात्री

टिकतो असं मला वाटतं, उलट तिथेच सिद्ध होतो. ते तिघे कुणाची जोडी म्हणून येत नाहीत, म्हणून ते जड जातात. मग लेखक त्यांना जुन्यांना बांधायला लागतात. पालेर्मो बर्लिनचा मित्र, बोगोटा नैरोबीच्या अवतीभवती, मार्सेय प्रोफेसरचा बाहेरचा हात. ज्या क्षणी बांधतात, त्या क्षणी कळायला लागतं.

शमा

मला उलटं वाटतं. बोगोटा मला पहिल्या दिवसापासून लक्षात राहिला आणि तो कामामुळे राहिला. धातू वितळवणारा. बँकेत सोनं आहे, लगडी जशाच्या तशा नेता येत नाहीत, म्हणून त्यांचे दाणे करायचे. तो नसता तर 90 टन सोनं तिथेच पडलं असतं. तिथे काम आणि कथा एकच आहे. रिओचं तसं नाही. त्याला वगळून पहिला दरोडा दुसऱ्या कुठल्याही पोराला घेऊन करता आला असता. माझा निकष हा: पात्र काढलं तर दरोडा थांबतो का?

कात्री

तुमच्या निकषाने टोकियोला कुठे बसवणार? तिला काढलं तर दरोडा थांबत नाही, उलट सुरळीत होतो.

शमा

ती निकषाबाहेर. ती बिघाड आहे. प्रत्येक टोळीत एक बिघाडतज्ज्ञ लागतोच.

अनघा_माद्रिद

अगदी. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक असतोच. आरतीच्या वेळी साउंड सिस्टीमला हात लावणारा.

चिवडामित्र

अनघाताई, तो मी होतो. मी फक्त आवाज थोडा वाढवत होतो.

सर्जेराव

कोरियन आवृत्ती कुणी बघितली का? तिथे नावं तीच, कामंही तीच, चेहरे दुसरे. मी दोन्ही लागोपाठ बघितल्या. आता बर्लिन म्हटलं की डोक्यात दोन माणसं भांडतात. मुखवटाही तिथे वेगळा आहे, त्यांच्या पारंपरिक नाटकातला.

शमा

हो. आणि बर्लिनची स्वतंत्र मालिका आली 2023 च्या शेवटी, पॅरिसमधली. तिथे बाकीच्यांना शहरांची नावंच नाहीत. कैला, दामियान, कॅमेरॉन, रोई, ब्रूस. कामं सगळ्यांची नीट ठरलेली, कैला इलेक्ट्रॉनिक्सवाली वगैरे. तरी मला लक्षात ठेवायला शहरंच सोपी गेली. शहराचं नाव ऐकलं की काहीतरी चित्र येतं, रोई म्हटल्यावर काय येणार?

नाशिकरोडकर

वडिलांना उलटं होतं. ते म्हणाले मॉस्को म्हटलं की मला माणूस दिसत नाही, घुमट दिसतात. त्यांनी मॉस्कोचं नाव ‘खाणवाले काका’ ठेवलंय.

सर्जेराव

काकूंसाठी माझा शेवटचा सल्ला. आठ लक्षात ठेवायचे असतील तर सात ठेवा. ओस्लोवर फार मेहनत घेऊ नका, कारण नाहीतरी दुसऱ्या भागात तो

[पुढचा मजकूर काढला आहे. धागाकर्तीने विनंती केली होती. – धागासेवक]

शमा

सर्जेराव!!!

सर्जेराव

माफी. ओघात गेलं.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे आभार. काल अनघाताईंनी सांगितलं तसं मूळ आवाजात दहा मिनिटं लावलं. आई डोळे मिटून ऐकत होती. डेन्व्हर हसला तसा लगेच म्हणाली, “हा खाणवाल्याचा पोरगा.” बर्लिनला म्हणाली, “हा शाळेतला हेडमास्तर, छडी न मारता मारणारा.” हेलसिंकी बोलला तेव्हा म्हणाली, “याला भाषा येत नाही बिचाऱ्याला, पण मनाचा चांगला दिसतो.” ओस्लो ओळखता आला नाही, कारण दहा मिनिटांत तो बोललाच नाही.

जोड्यांचंही पाठ झालंय. आता मलाच दुरुस्त करते. मी काल रिओला हॅकर म्हटलं तर म्हणाली, “आधी काम तरी कर म्हणावं.”

सर्जेरावांचा प्रतिसाद धागासेवकांनी काढायच्या आधी मी वाचला नव्हता, म्हणजे आईलाही वाचून दाखवला नाही. पण “मजकूर काढला आहे” तेवढं वाचलं. आई दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, “ओस्लो मरणार ना? ज्याला कुणी बोलायलाच देत नाही, तो मरतोच.”

सर्जेराव

मी काही बोललो नाही.

कात्री

मृण्मयी, आईंना संकलनाचं काम करायचं आहे का विचारा. आमच्याकडे जागा आहे.